पुट्टीत अडकलेली काच सोडवताना

जुन्या लाकडी खिडकीची काच खऱ्या अर्थाने फुटते ती बहुधा काढताना. त्याआधी तिला फक्त तडा गेलेला असतो. तडा गेलेली काच खिडकीत वर्षानुवर्षे उभी राहते. चिकटपट्टी लावून दोन-दोन पावसाळे काढते. मग एक दिवस कुणीतरी पटाशी आणि हातोडी घेऊन बसते, बाहेरची दगडासारखी झालेली पुट्टी ठोकून काढते, काचेच्या कडेखाली पटाशीचे टोक घालून उचकटते आणि काचेचे पंधरा तुकडे होतात. दोष हाताचा नसतो. काच तेव्हाही मागून घट्ट धरलेली असते आणि ते बाहेरून दिसत नाही.

तडा गेलेली काच टाकूनच द्यायची असेल तर ती अख्खी काढण्याचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. पहिले कारण लाकूड. सागवानी झडपेच्या ज्या खाचेत काच बसते ती सात-आठ मिलिमीटर रुंदीची नाजूक पायरी असते. काच फोडून, ठोकून काढताना या पायरीचे टवके उडतात आणि मग नवी काच कधीच सपाट बसत नाही. दुसरे कारण काच स्वतःच. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली. त्याआधीची काच ओढून काढलेली असे आणि तिच्यात हलकी लाट असते. जुन्या घरांतल्या रंगीत आणि नक्षीच्या काचाही आज तशाच मिळत नाहीत. एका तड्याने दोन तुकडे झालेली अशी काच जोडता येते, किंवा मोठ्या तुकड्यातून छोट्या चौकटीसाठी कापून घेता येते. पंधरा तुकड्यांचे काही होत नाही.

पुट्टीला आपल्याकडचे रंगारी आणि सुतार लांबी म्हणतात. जुनी पुट्टी दोनच गोष्टींची असते, खडूची पूड आणि अळशीचे तेल. हे तेल सुकते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पूड त्या जाळीत अडकून पडते. ही क्रिया पहिल्या काही आठवड्यांत वेगाने होते आणि पुढे कितीतरी वर्षे हळूहळू चालूच राहते. म्हणून पन्नास वर्षांची पुट्टी दहा वर्षांच्या पुट्टीपेक्षा कठीण असते. एकदा विणलेली ही जाळी पाण्याने किंवा थिनरने सहजासहजी सुटत नाही. कॉस्टिक सोडा तिला तोडतो, पण तो सागाचा रंग काळपटवतो, तंतू पोखरतो आणि खाचेत मुरून राहतो. मला तो मार्ग अजिबात मान्य नाही. उरतो तो उष्णतेचा मार्ग. उष्णतेने ही जाळी वितळत नाही, पण सैल पडते. शंभर अंशांच्या आसपास तापलेली पुट्टी पातीला वाट देते, आणि थंड झाली की पुन्हा आवळते.

ही पुट्टी दोन ठिकाणी असते. बाहेरून दिसणारा तिरपा थर पावसाचे पाणी खाली घालवण्यासाठी असतो. दुसरा थर काचेच्या मागे, काच आणि लाकडाची पायरी यांच्या मध्ये असतो. काच बसवताना कारागीर आधी हा थर घालतो, त्यावर काच दाबून बसवतो, बारीक चुका ठोकतो आणि शेवटी पुढचा थर भरतो. मागचा थर जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतो, पण काचेच्या चारही बाजूंनी फिरलेला असतो. काचेला धरून ठेवण्याचे बरेचसे काम तोच करतो. पुढची पुट्टी निघाली म्हणजे काच मोकळी झाली, असे समजणे ही या कामातली सगळ्यात महागडी समजूत आहे.

आता काच कशामुळे फुटते ते पाहू. काच दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही. काच वाकवली की एका बाजूवर ताण येतो, आणि तड्याच्या टोकाशी तो ताण कितीतरी पटींनी एकवटतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये काचेवर प्रयोग करून हेच दाखवले होते, की काचेची ताकद तिच्यावरच्या बारीक चिरा ठरवतात. तडा गेलेल्या काचेत अशी एक मोठी चीर आधीच तयार असते. कडेखाली पाती घालून अर्धा मिलिमीटर उचकटले तरी ती चीर पुढे पळते. उष्णतेचेही तसेच. काचेचा एक भाग तापला आणि शेजारचा थंड राहिला तर तापलेला भाग फुगू पाहतो, थंड भाग त्याला अडवतो. खिडकीच्या साध्या काचेत असा चाळीसएक अंशांचा फरकसुद्धा तडा वाढवायला पुरतो. म्हणजे जी उष्णता पुट्टी सैल करते तीच काच फोडू शकते. सगळे काम या दोन गोष्टींच्या मधून वाट काढण्याचे आहे.

एक उदाहरण घेऊन क्रमाने जाऊ. सागवानी झडप, तिच्यात तीन काचा, प्रत्येक काच 30 बाय 45 सेंटीमीटर आणि 3 मिलिमीटर जाड. मधल्या काचेला खालच्या डाव्या कोपऱ्याजवळून तडा निघून वळसा घेत उजव्या कडेच्या मध्यावर गेला आहे. अशा काचेचे वजन साधारण एक किलो भरते. किलोभर धारदार काच हातातून निसटली तर काय होईल ते डोळ्यापुढे ठेवून काम करायचे.

आधी तडा नीट पाहावा, कारण तो स्वतःची हकिगत सांगतो. एका बिंदूपासून चारी दिशांना रेषा गेल्या असतील तर काहीतरी आदळले आहे. कडेपासून काटकोनात निघून पुढे वळणे घेत गेलेला तडा बहुतेक वेळा उन्हाचा असतो. आपल्या उदाहरणात तडा कोपऱ्याजवळच्या एका चुकेपाशी सुरू होतो. लोखंडी चूक गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काचेच्या कडेवर दाब देतो. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगलेले. हे कारण लक्षात ठेवायचे, कारण त्याच जागी तशीच चूक ठोकून बसवलेली नवी काचही तिथेच तडकेल.

काम झडप उभी ठेवून करू नये. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून झडप टेबलावर आडवी घ्यावी, पुट्टीची बाजू वर. झडप वरच्या मजल्यावर असेल तर ती खाली उतरवायला दुसरा माणूस हवाच. आता काच टेबलापासून थोडी वर अधांतरी आहे. तिच्याखाली आधार द्यायचा. आतल्या उघड्या जागेपेक्षा जरा लहान, म्हणजे आपल्या काचेसाठी 27 बाय 42 सेंटीमीटरची प्लायवूडची फळी घ्यावी आणि तिच्यावर टॉवेलची घडी घालून ती काचेला खालून अलगद टेकेल इतकी उंच करावी. वर ढकलली जाईल इतकी नाही. हा आधार असला की वरून पातीचा दाब पडला तरी काच वाकत नाही.

मग काच बांधून घ्यायची. साध्या काचेवर रुंद पॅकिंग टेप तड्याच्या आरपार आडव्या पट्ट्यांनी लावावी, दोन्ही बाजूंनी, आणि पुट्टीपासून एक सेंटीमीटर आत थांबावे. टेप पुट्टीपर्यंत गेली तर ती तापून पघळते आणि पातीबरोबर ओढली जाते. जुन्या नक्षीदार काचेवर मी टेप लावत नाही, कारण तिचा डिंक खोलगट नक्षीत अडकतो. तिथे कणकेची पातळ खळ करून वर्तमानपत्राचे दोन थर चिकटवावेत आणि रात्रभर वाळू द्यावेत. काम झाल्यावर ओल्या फडक्याने कागद निघून येतो. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे असतील तर मात्र टेपही नको आणि खळही नको. ते काम जाणकाराकडेच न्यावे.

उष्णता देण्याचे दोन मार्ग घरी जमण्यासारखे आहेत. एक हिट गन, दुसरा वाफ. हिट गन झटपट काम करते, पण तिची हवा काही शे अंशांची असते. जुन्या तैलरंगात आणि काही जुन्या पुट्ट्यांत शिसे असते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा भारतातला नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. रंग फार तापवला की शिशाची वाफ निघते, कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. वाफेचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, धूळ ओली राहते आणि काच, लाकूड, पुट्टी बरोबरीने तापतात. जपून काढायच्या काचेसाठी मी वाफच निवडेन. परदेशातले दुरुस्ती करणारे अख्खी झडप वाफेच्या पेटीत तासभर ठेवतात. घरी कपड्यांना वाफ देणारा हातातला स्टीमर पुरतो, वेळ जास्त लागतो इतकेच. प्रेशर कुकरच्या शिट्टीला नळी जोडण्याचा उद्योग कुणी करू नये. नळी तुंबली तर कुकर फुटतो.

वाफ देण्याआधी कटरच्या पात्याने दोन रेषा मारायच्या, एक पुट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये, दुसरी पुट्टी आणि काच यांच्यामध्ये. वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर पुट्टीवरून काचेवर चढलेले असतात. ते कापले नाहीत तर वाफ आत जात नाही, आणि पुट्टी निघताना रंगाची पापडी काचेला ओढते. नंतर अॅल्युमिनियम फॉइलचा लांब पन्हळीसारखा आडोसा करून तो पुट्टीच्या एका बाजूवर उलटा ठेवावा आणि त्याच्या तोंडातून वाफ सोडावी. दहा-पंधरा मिनिटांनी टोक टोचून पाहावे. पुट्टी तयार झाली की तीन खुणा दिसतात. अळशीच्या तेलाचा उग्र वास येतो, टोचल्यावर पांढरी पूड न उडता टोक आत रुतते, आणि पाती चालवली की शिळ्या खव्यासारखे तुकडे निघतात. अर्ध्या तासाने यातले काहीच झाले नाही, तर ती पुट्टी तेलाची नाही. मध्ये कधीतरी कुणी पांढरे सिमेंट किंवा एम-सील भरलेले असते. सिमेंटला वाफेने काही होत नाही. तिथे काच वाचवण्याचा नाद सोडावा आणि लाकूड वाचवावे.

पाती काचेला समांतर आणि लाकडाच्या बाजूने चालवायची. दाब नेहमी पुट्टीतून लाकडाकडे जावा, काचेकडे कधीच नाही. एका वेळी पंधरा-वीस सेंटीमीटर तुकडा काढायचा. पुट्टी पुन्हा घट्ट लागली की जोर वाढवायचा नाही, वाफ वाढवायची. कोपरे शेवटी घ्यावेत. तिथे पुट्टी सर्वांत जाड असते आणि आपल्या उदाहरणातला तडाही कोपऱ्यापाशीच सुरू झालेला आहे.

पुढचा थर निघाला की चुका शोधायच्या. काही रंगाखाली इतक्या लपलेल्या असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. फ्रिजवरचा छोटा लोहचुंबक खाचेतून फिरवला की तो नेमका चुकेवर अडखळतो. 45 सेंटीमीटरच्या बाजूला दोन-तीन आणि 30 च्या बाजूला एक-दोन चुका सापडाव्यात. पकडीने चूक धरून लाकडातून सरळ, काचेच्या पातळीत ओढायची. पकडीचे बूड काचेवर टेकवून उपटायची नाही. गंजलेली चूक तुटली तर कापून घ्यावी. टोक लाकडात राहिले तरी चालते, काचेच्या वर काही राहता कामा नये.

आता काच पुढून मोकळी दिसते. थांबायचे ते इथे. दुसरी फळी घ्यायची, या वेळी काचेपेक्षा किंचित लहान, 29 बाय 44 सेंटीमीटर, वर कापडाची एक घडी. ती काचेवर अशी ठेवावी की फळी आणि कापड मिळून खाचेची खोली भरून निघेल. मग सुती नाड्यांनी फळी झडपेला बांधावी आणि दोघांनी मिळून झडप उलटी करावी. आता काच फळीवर विसावलेली आहे, फळी टेबलावर टेकलेली आहे, आणि आतली बाजू वर आली आहे. नाड्या सोडाव्यात.

या बाजूने मागच्या थराची बारीक रेघ दिसते. तीवरचा रंग कटरने कापून पुन्हा वाफ द्यायची. लाकडाच्या पायरीला वाफ मिळाली की तिच्याखालचा थर सैल पडतो. इथे जाड पाती चालत नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ, वाकणारी पाती काच आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवायची आणि चारही बाजूंनी हळूहळू फिरवायची. पाती पाचर म्हणून वापरायची नाही, ती फक्त कापत जाते. या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. एका बाजूला वीस मिनिटे गेली तरी ती योग्यच आहेत असे समजावे.

थर सुटला का हे कळण्याची खूण तड्यापाशीच असते. झडपेची एक बाजू बोटांनी जेमतेम मिलिमीटरभर उचलायची आणि दुसऱ्या हाताचे नख तड्यावरून आडवे फिरवायचे. तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत असतील तर नख सरळ जाते. एक कड वर आली असेल तर नख अडकते. म्हणजे काचेचा तो तुकडा लाकडाबरोबर उचलला जातो आहे, त्याची कड अजून धरलेली आहे. झडप खाली टेकवायची आणि त्याच बाजूला पुन्हा वाफ आणि पाती. डोळ्यांना न दिसणारा फरक नखाला कळतो. या तपासणीशिवाय झडप उचलणे म्हणजे मघाचे सगळे कष्ट पणाला लावणे आहे.

नख चारही बाजूंनी सरळ जायला लागले की दोघांनी झडप चारही कोपऱ्यांनी सारखी, सरळ वर उचलायची. काच फळीवरच राहते. तिला हात लावावा लागत नाही, उचकटावे लागत नाही. लाकूड काचेवरून काढायचे, काच लाकडातून नाही, हा क्रम सगळ्या कामाचा कणा आहे. जाड हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल सुरुवातीपासून असावेतच, पण या क्षणी ते तपासून घ्यावेत.

सगळ्याच काचांना ही पद्धत लागू पडत नाही. चांदणीसारखा फुटलेला, आठ-दहा तुकड्यांचा तडा असेल तर दोन्ही बाजूंनी टेप लावून तुकडे एकेक करून काढणेच शहाणपणाचे. तार घातलेल्या काचेत तारा तुकड्यांना धरून ठेवतात, तिथे एवढी कसरत लागत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या तावदानांना पुट्टीच नसते. शिंपल्याचे चौकोन लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात आणि एक फुटला तर तो तसाच सरकवून काढतात.

खाच साफ करताना उरलेली पुट्टी ओली असतानाच खरवडावी, सँडपेपर कोरडा चालवू नये. खरवडलेला माल ओल्या कागदात गोळा करून वेगळा बांधावा, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि लहान मुलांना, गरोदर बाईला तोपर्यंत त्या खोलीत येऊ देऊ नये. वाफेने भिजलेले लाकूड सावलीत तीन-चार दिवस वाळवावे आणि मगच खाचेला अळशीच्या तेलाचा हात द्यावा. तेल न दिलेले कोरडे लाकूड नव्या पुट्टीतले तेल शोषून घेते आणि ती भुसभुशीत होते. नवी काच खाचेच्या मापापेक्षा दोन्ही दिशांना तीन मिलिमीटर कमी कापून घ्यावी, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगले तरी तिला जागा राहील. चुका पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात आणि त्या काचेला टेकतील इतक्याच ठोकाव्यात, दाबतील इतक्या नाही. पुट्टीवर साय धरायला दोन आठवडे द्यावेत आणि मग रंग लावावा. रंग पुट्टीवरून काचेवर दोन मिलिमीटर चढवावा, तेवढ्याने पाणी आत जात नाही.

काढलेली काच जोडायची नसेल तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहून घंटागाडीत द्या. कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात मोजे असतीलच असे नाही.